नगरचा गजर किती पावलांवर?

‘नगर’ या शब्दाचा ‘गजर’ करायचा आहे. एका पावलात एक अक्षर खोडता येईल, नवे घालता येईल किंवा बदलता येईल. कमीत कमी किती पावले लागतील? या संख्येला एडिट डिस्टन्स म्हणतात. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली हे माप मांडले, म्हणून त्यांच्याही नावाने ते ओळखले जाते.

उत्तरासाठी कोष्टक मांडू. ‘नगर’ उभा, ‘गजर’ आडवा. प्रत्येक रकाना सांगतो, उभ्या शब्दाच्या तिथवरच्या तुकड्याचा आडव्याचा तिथवरचा तुकडा करायला किती पावले लागतात.

```
      ग ज र
   ०  १ २ ३
न  १  १ २ ३
ग  २  १ २ ३
र  ३  २ २ २
```

पहिली ओळ आणि पहिला स्तंभ सोपा: रिकाम्या जागेतून तीन अक्षरे घडवायला तीन भर, तीन अक्षरे पुसायला तीन खोड. पुढे अक्षरे जुळली, तर तिरप्या शेजाऱ्याचा आकडा तसाच उतरवायचा. नाही जुळली, तर वरचा, डावीकडचा आणि तिरपा यांतला सर्वांत लहान आकडा घेऊन त्यात एक मिळवायचा. शेवटच्या रकान्यात २ येतात.

पण दोन पावले कोणती? ते कळायला शेवटच्या रकान्यातून उलटे चालायचे, ‘हा आकडा कुठून आला?’ असे विचारत. ‘र’ जुळला, म्हणून तिरपे वर. तिथे ‘ग’ आणि ‘ज’ समोरासमोर येतात आणि वाट फुटते. तिरपे गेलो, तर ‘ग’चा ‘ज’ आणि ‘न’चा ‘ग’ केला. डावीकडे गेलो, तर ‘ज’ नवा घातला, ‘ग’ जुळला आणि ‘न’ खोडला. दोन्ही वाटा दोनच पावलांच्या आणि दोन्ही बरोबर. मला दुसरी अधिक आवडते, कारण तिने ‘गर’ शाबूत ठेवला.

हा ‘गर’ म्हणजेच दोन्ही शब्दांत त्याच क्रमाने सापडणारा सर्वांत लांब समान भाग. अक्षरे लागोपाठ असायची गरज नाही. त्याचे कोष्टक शून्यांनी सुरू होते: जुळले तर तिरप्या आकड्यात एक मिळवा, नाहीतर वरचा आणि डावीकडचा यांतला मोठा घ्या. परतताना जुळलेली अक्षरे टिपायची. ती ‘र, ग’ अशी उलटी मिळतात, म्हणून शेवटी फिरवायची.

नवशिका इथे चुकतो: कोष्टक भरतानाच प्रत्येक जुळणी टिपतो. ‘गर’ आणि ‘रग’ घेऊन पाहा. जुळण्या दोन मिळतात, कोपऱ्यातला आकडा मात्र १ असतो. टिपलेली अक्षरे त्या आकड्याइतकी नसतील, तर वाट चुकली.

दोन फायलींतला फरक दाखवणारा `diff` हाच प्रश्न सोडवतो, फक्त अक्षरांऐवजी ओळी घेऊन. पण दहा हजार ओळींच्या दोन फायलींचे पूर्ण कोष्टक दहा कोटी रकान्यांचे होते. नुसता आकडा हवा असेल, तर मागची आणि चालू अशा दोनच ओळी जपल्या की भागते. मग परतायची वाट मात्र पुसली जाते. डॅन हर्शबर्ग यांनी १९७५ साली यावर तोड काढली. पहिला शब्द मधोमध तोडायचा, दुसरा कुठे तोडावा हे दोन्ही टोकांकडून मोजून ठरवायचे, आणि प्रत्येक अर्ध्यावर तेच पुन्हा करायचे. गणित साधारण दुप्पट होते, पण जागा ओळीपुरतीच लागते आणि वाटही हाती राहते.