आठवण लख्ख, पण तुटक का?

बेलपाड्याहून पनवेलमार्गे चौककडे निघालं की डाव्या हाताला इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. अशा रात्रीतून वाचलेली माणसं एखादा आवाज, चिखलाचा वास, कुणाची तरी हाक वर्षानुवर्षं जशीच्या तशी सांगू शकतात. पण आधी काय झालं, बाहेर कसे आलात, किती वेळ गेला, असं विचारलं की तीच माणसं अडखळतात. ऐकणाऱ्याला यात विसंगती वाटते. मेंदूच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही गोष्टी एकाच प्रक्रियेतून येतात.

जीव धोक्यात आहे असं वाटताच मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रिनलिन सोडतात. ते थेट मेंदूत शिरत नाही. व्हेगस मज्जातंतूमार्फत त्याचा निरोप मेंदूच्या तळाशी पोचतो आणि तिथून अमिग्डालात नॉरॲड्रिनलिन पाझरतं. बदामाएवढा हा भाग कानशिलाच्या आत असतो. आठवण त्यात साठत नाही. इतरत्र तयार होत असलेली आठवण पक्की करायला तो जोर देतो. आठवण पक्की व्हायला काही तास लागतात. म्हणूनच प्रयोगात उंदरांना धडा शिकवून झाल्यावर ॲड्रिनलिन टोचलं, तरी तो धडा त्यांच्या जास्त लक्षात राहिला.

माणसांवरचा गाजलेला प्रयोग 1994 चा. लॅरी केहिल आणि जेम्स मॅकगॉ यांच्या गटाने लोकांना काही चित्रं दाखवत एक गोष्ट सांगितली. आई आणि मुलगा बाबांना भेटायला निघतात. एका गटासाठी गोष्ट साधीच राहते. दुसऱ्या गटाच्या गोष्टीत मधेच मुलाला गाडीची धडक बसते आणि डॉक्टर त्याचे तुटलेले पाय जोडतात. आठवड्याने अचानक परीक्षा घेतली, तेव्हा अपघाताचा भाग इतर भागांपेक्षा चांगला आठवला. पण ज्यांना आधी प्रोप्रॅनोलॉल हे नॉरॲड्रिनलिनचा परिणाम रोखणारं औषध दिलं होतं, त्यांच्यात हा जास्तीचा फायदा दिसला नाही. साधी गोष्ट मात्र त्यांनाही इतरांइतकीच आठवली. म्हणजे औषधाने स्मरणशक्ती मंदावली नव्हती. भावनेचा जोर तेवढा काढून घेतला होता.

मग तुटकपणा कुठून येतो? घटनेतले तुकडे, जागा आणि क्रम यांची सांगड घालणं हे हिप्पोकॅम्पसचं काम. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये जेम्स बिस्बी आणि नील बर्जेस यांनी लोकांना चित्रांच्या जोड्या दाखवल्या. जोडीत भयंकर चित्र असलं की ते चित्र नीट ओळखू यायचं, पण त्याच्यासोबत दुसरं काय होतं हे मात्र कमी आठवायचं. पुढे मेंदूचं स्कॅनिंग करून पाहिल्यावर अशा वेळी अमिग्डालाची सक्रियता वाढलेली आणि हिप्पोकॅम्पसची घटलेली दिसली. मणी घट्ट होतात, दोरा सैल पडतो. शिवाय लक्षच मुळात धोक्यावर खिळतं, आणि जे लक्षात घेतलंच नाही ते नंतर आठवायचं कसं? काळोख आणि पाऊस असेल तर आणखीच.

हा प्रयोगशाळेतला परिणाम खऱ्या आघाताला जसाच्या तसा लावता येत नाही, हे इथेच सांगायला हवं. डेव्हिड रुबिन यांच्यासारख्या संशोधकांच्या मते आघाताच्या आठवणी इतर आठवणींपेक्षा फारशा तुटक नसतात. माझ्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे: कहाणी सांगता येते, पण काही क्षणांचे सांधे निखळलेले असतात.

आणि लख्खपणा म्हणजे अचूकपणा नव्हे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी रुबिन आणि जेनिफर टॅलारिको यांनी विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या: हल्ल्याची बातमी कशी कळली ती, आणि त्याच सुमाराची एखादी साधी. काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा तपशील दोन्हींतले सारखेच बदलले होते. फरक एवढाच, की साध्या आठवणीवरचा विश्वास ओसरला होता. हल्ल्याच्या आठवणीवरचा तसाच होता. 26 जुलै 2005 च्या पुराच्या आपापल्या आठवणींवर पैज लावण्याआधी हे लक्षात असू द्यावं.

म्हणून दुर्घटनेतून वाचलेल्या माणसाशी बोलताना नातेवाईक, पत्रकार आणि पोलिसांनीही ‘आधी काय, मग काय’ असा क्रम लावून धरू नये. ‘जे आठवतंय ते, जिथून आठवतंय तिथून सांगा’ एवढंच म्हणावं आणि मधे तपशील सुचवू नयेत. सुचवलेला तपशील पुढे त्यांच्याच आठवणीचा भाग होऊन बसतो. ते म्हणतील ते पहिल्याच वेळी, त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. जे आठवत नाही, त्याला खोटेपणा समजू नका.