सहा पानांची पंगत

चार माणसं जेवायला बसली की गप्पा एकच राहतात. पाचवं आलं की त्या फुटायला लागतात. रॉबिन डन्बर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९५ मध्ये सहज जमलेल्या गप्पांच्या गटांवर अभ्यास प्रसिद्ध केला. एका संभाषणात साधारण चौघांहून जास्त माणसं टिकत नाहीत, असं त्यात दिसलं. म्हणजे यजमान धरून सहा जण बसले, की तीन-तीन किंवा चार-दोन अशी फाटाफूट होणारच. कोणी लक्ष ठेवलं तर मात्र सहा जणांत एकच विषय तासभर चालू शकतो. आठ झाले की सूत्रसंचालक लागतो आणि जेवणाची सभा होते.

माणसं निवडताना यादी करत बसू नये. आधी एक जोडी शोधावी. समजा, पुण्यात एका वास्तुविशारद बाईंच्या घरी हे जेवण आहे. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ भोसरीत वर्कशॉप चालवतात आणि नवी मुलं हाताखाली टिकत नाहीत म्हणून हैराण आहेत. दुसऱ्या एक मुख्याध्यापिका. दहावीनंतर मुलं कुठे जातात याची त्यांना रुखरुख. या दोघांनी भेटायलाच हवं. मग त्यांच्याभोवती एक बालरोगतज्ज्ञ, एक वकील आणि एक सीए. यजमान सोडून बाकीच्यांपैकी फार तर एकाशीच प्रत्येकाची आधीची ओळख असावी. एकाच व्यवसायातले दोघे नकोत, ते आपापली भाषा बोलू लागतात. वकील आणि त्यांचा अशील, किंवा सीए आणि त्यांचा ग्राहक एकत्र असले, तर दोघेही जपून बोलतात. घडाघडा बोलणारा एक असावा, दोन नकोत.

आमंत्रण फोनवर द्यावं. कोण कोण येणार आणि कोण काय करतं, हे एकेका वाक्यात सांगावं. हे जेवण जोडीने नाही, हेही तेव्हाच मोकळेपणाने सांगावं. आपल्याकडे हा संकोच फार असतो आणि मग आयत्या वेळी सात-आठ पानं मांडावी लागतात. उपास, अंडं, मांसाहार याचीही चौकशी तेव्हाच होते.

जेवणात काय करायचं, यावर गप्पा बऱ्याच अवलंबून असतात. तव्यावरची गरम पोळी किंवा पुरी ठरवली तर एक माणूस सतत स्वयंपाकघरात आणि बाहेर दर दोन मिनिटांनी “अजून एक घ्या ना!” आग्रहाने बोलणाऱ्याचं वाक्य तुटतं, आणि तुटलेलं वाक्य कोणी पुन्हा उचलत नाही. त्यापेक्षा मसालेभात, भरली वांगी, टोमॅटोचं सार, कोशिंबीर असं आधी करून ठेवता येणारं करावं आणि भांडी टेबलावरच ठेवावीत. टेबल गोल असेल तर चार फूट व्यासाचं सहा जणांना पुरतं. लांबट असेल तर यजमानांनी टोकाला न बसता लांब बाजूच्या मध्यावर बसावं. अबोल पाहुणा समोर, म्हणजे नजरेनेच त्याला बोलतं करता येतं. बोलका शेजारी, म्हणजे नजरानजर कमी होते आणि तो आवरतो.

प्रश्न एकच, आणि दोन दिवस आधी कळवलेला. मत विचारणारा प्रश्न नको. ‘शिक्षणपद्धतीबद्दल काय वाटतं?’ म्हटलं की भाषणं सुरू होतात. अनुभव विचारणारा हवा: ‘तुमच्या कामात नवख्याला शिकवायला सगळ्यात अवघड काय जातं?’ सुरुवात थोडक्यात बोलणाऱ्याकडून करावी, कारण पहिलं उत्तर जेवढं लांब, तेवढीच पुढची होतात. डॉक्टर म्हणतात, आईचं बोलणं मध्ये न तोडता ऐकणं. वर्कशॉपवाले म्हणतात, मशिनचा आवाज बदलला हे ओळखणं. इथे यजमानांचं काम सुरू होतं: “डॉक्टर, तुमचंही ऐकण्यावरच आलं. हे शाळेत शिकवता येतं का हो, मॅडम?” अशा दोन-तीन जोडण्या झाल्या की पाहुणे एकमेकांनाच प्रश्न विचारू लागतात आणि यजमानांना गप्प बसता येतं.

बिनसतंय हेही लगेच कळतं. कोणी मोबाईल उलटा-सुलटा करतो, दोघे हळू आवाजात वेगळंच बोलू लागतात, किंवा बोलणं फ्लॅटच्या भावावर येतं. अशा वेळी “एका वेळी एकच बोला” असं बजावू नये. कुजबुजणाऱ्या दोघांपैकी एकाला त्याच्या कामातलं काहीतरी विचारावं. “वकीलसाहेब, उलटतपासणीत थांबायचं कुठे, हे ज्युनिअरना कसं सांगता?” तो सगळ्यांसाठी उत्तर देतो आणि दुसरी गप्पा तिथेच थांबते.

गोड वाढल्यावर मात्र धरून ठेवू नये. तेव्हा फाटाफूट होऊ द्यावी. मुख्याध्यापिका आणि वर्कशॉपवाले खुर्च्या जवळ ओढतील ते तेव्हाच. साडेसातला बसलेली मंडळी दहाला उठावीत. दुसऱ्या दिवशी ज्यांना एकमेकांचे नंबर हवेत, त्यांना ते आधी विचारून द्यावेत. सहाही जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप लगेच काढू नये. त्यावर आठवडाभरात फक्त शुभप्रभात उरतं.