चाळीतील कांदा ठरलेल्या खरेदीदारास कळविताना

रब्बी कांदा चाळीत भरून ठेवणारे अनेक शेतकरी बंधू आता बाजार समितीबरोबरच एखाद्या ठरलेल्या खरेदीदारासही माल देतात. हा खरेदीदार शहरातील भाजीपाल्याचा ठोक विक्रेता असतो, किंवा हॉटेले व खानावळी यांना माल पुरविणारा असतो. तो गावी येऊन माल पाहत नाही. शेतकऱ्याने मोबाइलवर पाठविलेल्या संदेशावरून तो गाडी पाठवितो. संपूर्ण व्यवहार त्या चार ओळींवर उभा असतो. म्हणून त्या ओळींत काय असावे व त्यातील आकडे कसे काढावेत, याचा विचार या लेखात केला आहे.

निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याचा अनुभव प्रथम सांगतो. ऑगस्ट महिन्यात त्यांनी पुण्याच्या नेहमीच्या खरेदीदारास कळविले, "माल एक नंबर आहे, ५० क्विंटल निघेल, भाव बोला." भाव ठरला व गाडी आली. निवड करून भरताना माल ३८ क्विंटलच भरला. घाई झाल्याने खालच्या थरातील काजळी आलेला कांदाही काही गोण्यांत गेला. पुण्यात गोण्या उघडल्यावर भाव कमी केला गेला, आणि गाडीच्या रिकाम्या जागेचे भाडेही शेतकऱ्याच्या हिशेबात धरले गेले. शेतकऱ्यास वाटले, आपली फसवणूक झाली. खरेदीदारासही तेच वाटले. वास्तविक दोघांपैकी कोणी खोटे बोलले नव्हते. एप्रिलमध्ये भरलेला माल ऑगस्टमध्ये तितकाच असेल असे शेतकऱ्याने धरले होते, आणि 'एक नंबर' या शब्दाचा अर्थ दोघांच्या मनात वेगळा होता.

माल किती आहे ते मोजावे

साठवणीत कांद्याचे वजन सतत घटते. प्रथम पाणी उडून घट येते, पावसाळी दमट हवेत सड वाढते आणि पुढे हवा थंड होऊ लागली की मोड येतात. चार-पाच महिन्यांत एकूण घट तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे भरतेवेळचा आकडा कळविणे म्हणजे नसलेला माल विकणे होय.

शिल्लक मालाचा अंदाज सोप्या रीतीने काढता येतो. ढिगाची लांबी, रुंदी व उंची मीटरमध्ये मोजावी. समजा ढीग ५ मीटर लांब, १.२ मीटर रुंद व १.२ मीटर उंच आहे. गुणाकार ७.२ घनमीटर, म्हणजे ७,२०० लिटर येतो. आता एक मोठी बादली घ्यावी व तिच्यात किती लिटर पाणी मावते ते पाहून घ्यावे. ती कोरडी करून काठोकाठ कांद्याने भरावी व कांदा तोलावा. २० लिटरच्या बादलीत ११.५ किलो कांदा बसला, तर ढिगात ३६० बादल्या, म्हणजे सुमारे ४१ क्विंटल माल आहे. बादलीत कांदा ढिगापेक्षा थोडा सैल बसतो, त्यामुळे हा अंदाज किंचित कमी येतो. विक्रीसाठी तो कमी असणेच बरे.

प्रत नमुन्यावरून ठरवावी

चाळीच्या दाराशी दिसणारा कांदा हा सर्वांत कोरडा व हवेशीर असतो. त्यावरून प्रत ठरवू नये. ढिगाच्या दोन्ही टोकांकडून, मध्यातून, वरून आणि तळातून अशा पाच ठिकाणांहून प्रत्येकी १० किलो कांदा हाती येईल तसा, न निवडता काढावा. हा ५० किलोचा नमुना गोणपाटावर पसरून त्याचे चार वाटे करावेत. वरील चाळीत नमुना असा निघाला असे समजू:

५० मिलिमीटरवरील एकेरी, निरोगी कांदा – ३६ किलो
गोल्टी – ७ किलो
जोड व चोपडा – ३ किलो
काजळीचा, सडका व मोड आलेला – ४ किलो

म्हणजे चांगला माल ७२ टक्के आहे. ४१ क्विंटलमध्ये तो साडेएकोणतीस क्विंटल होतो. प्रत्यक्ष निवडताना साल गेलेला, दबलेला असा आणखी काही कांदा बाजूला पडतो, म्हणून कळविताना २७ क्विंटल कळवावा. गोल्टी सुमारे साडेपाच क्विंटल निघेल. तिचा स्वतंत्र उल्लेख करावा. काही खानावळींना लहान कांदा चालतो व तिचाही भाव ठरू शकतो.

काजळीची तपासणी विशेष काळजीने करावी. ही काळी बुरशी आहे. ती बरेचदा मानेजवळ व सालीखाली असते. वरचा पापुद्रा काढल्याशिवाय दिसत नाही. नमुन्यातील दहा-बारा कांद्यांची साल काढून पाहावी आणि तीन-चार उभे चिरून आत मोडाचा हिरवा कोंब सुरू झाला आहे का ते पाहावे. असा कोंब दिसल्यास माल फार दिवस टिकणार नाही. ही गोष्ट खरेदीदारास सांगून माल लवकर उचलण्यास सुचवावे. ती लपविल्यास त्याच्या गोदामात दिसणारच असते.

छायाचित्र पाठवावयाचे असल्यास निवडलेल्या कांद्याचे एक, ढिगाच्या तळाचे एक आणि चिरलेल्या कांद्याचे एक अशी तीन पाठवावीत. ती दिवसाच्या उजेडात, सावलीत काढावीत आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. मोबाइलवर कांद्याचा रंग खुलून दिसतो, म्हणून रंगाबद्दल शब्दांतही लिहावे.

वाजवी भाव म्हणजे काय

भाव मागताना बहुतेक जण बाजारातील सर्वांत जास्त दर सांगतात. तो दर बहुधा एक-दोन उत्कृष्ट वक्कलांना मिळालेला असतो. खरेदीदाराला हे ठाऊक असते व बोलणे तिथेच अडते. कृषी पणन मंडळ बाजार समितीनिहाय कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर प्रसिद्ध करते. सर्वसाधारण दर हा मिश्र मालाचा असतो. त्यावरून सुरुवात करून, आपल्यासारख्या निवडलेल्या मालाला त्या दिवशी काय मिळाले याची गावातील विक्री करून आलेल्यांकडून खात्री करून घ्यावी.

या दराभोवती दोन मर्यादा असतात. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. समजा, अशा प्रतीला बाजारात क्विंटलला १,८०० रुपये मिळत आहेत. तेथे नेण्यास वाहतूक ६० रुपये आणि हमाली, तोलाई वगैरे २० रुपये लागतात. हातात १,७२० रुपये पडतात. घरी गोण्या भरून देण्याची मजुरी २० रुपये धरली, तर १,७४० रुपयांखाली घरून विकण्यात शेतकऱ्याचा तोटा आहे. उलट, खरेदीदाराने हाच माल बाजारातून घेतला तर त्याला दर १,८०० रुपये आणि वर बाजार फी, अडत व हमाली मिळून समजा ११० रुपये लागतील. म्हणजे १,९१० रुपयांवर शेतकऱ्याच्या घरून घेण्यात त्याला काही मिळत नाही. वाजवी भाव या दोहोंच्या मध्ये, १,८२५ रुपयांच्या आसपास असतो. तेथे दोघांचेही क्विंटलला ८५ रुपये वाचतात.

हा मध्य काही कारणांनी सरकतो. गाव मुख्य रस्त्यापासून आत असेल किंवा गाडी अर्धी रिकामी जात असेल, तर खरेदीदाराचा खर्च वाढतो. अशा वेळी शेजाऱ्याचा माल जोडून गाडी भरणे फायद्याचे ठरते. मात्र दोन शेतकऱ्यांच्या गोण्यांवर वेगळी खूण असावी. पैसे उशिरा मिळणार असतील, तर तेवढा भाव वरच्या बाजूस असावा.

भावाला मुदत अवश्य घालावी. कांद्याचा बाजार एका निर्णयाने फिरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. अशा वेळी आठवड्यापूर्वीचा भाव धरून बसल्यास एक जण नक्कीच नुकसानीत जातो.

संदेशाचा नमुना

वरील सर्व गोष्टी पुढीलप्रमाणे थोडक्यात लिहिता येतात:

"नमस्कार शेठ. चाळीतला उन्हाळ कांदा द्यायचा आहे. निवडलेला, एकेरी, ५० मिलिमीटरच्या वरचा २७ क्विंटल, एखादा क्विंटल कमी-जास्त. रंग फिका लाल, साल काही कांद्यांची एकेरी राहिली आहे. ढिगात थोडी काजळी आहे, ती निवडून काढू, तरी शेकडा तीनपर्यंत राहू शकते. गोल्टी साडेपाच क्विंटल वेगळी आहे, हवी असल्यास कळवा. भाव १,८२५ रुपये क्विंटल, चाळीवर, गोण्या तुमच्या. वजन गावच्या काट्यावर, तेच धरावे. निम्मे पैसे वजन झाल्यावर, बाकी आठ दिवसांत. हा भाव उद्या संध्याकाळपर्यंत. होकार आल्यावर निवडायला दोन दिवस लागतील."

या संदेशातील दोष सांगणारी वाक्ये काढून टाकण्याचा मोह होतो. पण तीच वाक्ये पुढे शेतकऱ्याचे रक्षण करतात. शेकडा तीन काजळी आधी कळविली असेल, तर तेवढ्यासाठी भाव तोडता येत नाही. त्यापेक्षा जास्त निघाल्याची तक्रार आली, तर खरेदीदाराने निवडलेल्या तीन गोण्या उघडून त्यातील खराब कांदा तोलावा आणि तीन टक्क्यांवरचे वजनच वजा करावे, असे आधीच बोलून ठेवावे. त्याचप्रमाणे वजन कोठले धरायचे हे ठरले नसेल, तर वाटेत येणारी घट कोणाची यावरून वाद होतो.

होकार आल्यानंतर चार दिवस पाऊस व ढगाळ हवा राहिली, तर चाळीतला माल बदलतो. अशा वेळी गाडी निघण्यापूर्वी पुन्हा एक नमुना पाहून, "खराब माल वाढला, आता २४ क्विंटल भरेल" असे कळवावे. गाडी दारात आल्यावर सांगण्यात अर्थ नसतो, कारण भाडे तोपर्यंत लागलेले असते.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राज्यात २०१६ पासून बाजार आवाराबाहेरील फळे व भाजीपाल्याची विक्री नियमनमुक्त आहे. त्यामुळे घरून विकणे सोपे झाले. परंतु बाजार आवारात पैसे अडकल्यास बाजार समितीकडे दाद मागता येते, तसा आधार या व्यवहाराला नाही. पाठविलेला संदेश, त्यावर आलेला होकार आणि काट्याची पावती एवढाच काय तो पुरावा. म्हणून भाव फोनवर ठरला तरी तो संदेशात लिहून होकार मागवावा, पावतीचे छायाचित्र त्याच दिवशी पाठवावे, आणि पूर्ण पैसे जमा होईपर्यंत यातले काहीही मोबाइलमधून पुसू नये.