बारानं भागलं, तरी जूनमध्ये पैसे कमी का पडतात?

गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्यांनी मेंटेनन्सच्या बिलावर ‘सिंकिंग फंड’ ही ओळ पाहिलेली असते. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, जमिनीची किंमत वगळून सदनिकेचा जो बांधकाम खर्च असतो, त्याच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के रक्कम प्रत्येक सदस्याकडून या निधीसाठी घेतली जाते. इमारत आज ना उद्या जुनी होणार आणि मोठी दुरुस्ती निघणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तो खर्च एकदम अंगावर येऊ नये म्हणून थोडे थोडे पैसे आधीपासून बाजूला पडत राहतात. शिवाय कमिटीला या पैशाला सहज हात लावता येत नाही. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव, निबंधकांची पूर्वपरवानगी आणि कामाची गरज सांगणारं वास्तुविशारदाचं मत लागतं.

हीच पद्धत घरखर्चाला लावता येते, आणि लावायला हवी. आरोग्य विम्याचा आणि एलआयसीचा हप्ता, शाळेची फी, घरपट्टी, गणपती, दिवाळी यांतला एकही खर्च अचानक येत नाही. महिना ठरलेला असतो, रकमेचाही साधारण अंदाज असतो. तरी जून उजाडला की क्रेडिट कार्ड बाहेर निघतं, किंवा घरातलं सोनं तारण ठेवायला जातं. कार्डावरची बाकी पुढच्या महिन्यावर ढकलली, तर तिच्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. म्हणजे जूनची फी भरून झाल्यावर ती दिवाळीपर्यंत पुन्हा भरत राहावी लागते.

पैसे साठवण्याचा सल्ला सगळेच देतात, आणि तो असा असतो: वर्षाचे खर्च मोजा, बारानं भागा, तेवढे पैसे दर महिन्याला बाजूला टाका. हा हिशेब चूक नाही, पण अर्धाच आहे. खर्च वर्षभर सारखे पसरलेले नसतात. ते दोन-तीन महिन्यांत गर्दी करून येतात. त्यामुळे भागाकार बरोबर करूनही पहिल्याच वर्षी पैसे अपुरे पडतात आणि माणूस हा उद्योग सोडून देतो. मला वाटतं, ही सवय मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

एका घराचं उदाहरण घेऊ. आईवडील आणि दोन शाळकरी मुलं. मे महिन्यात घरपट्टी ८ हजार. जूनमध्ये पहिल्या सत्राची फी, वह्या-पुस्तकं आणि गणवेश मिळून ४२ हजार. ऑगस्टमध्ये आरोग्य विमा २४ हजार, सप्टेंबरमध्ये गणपती १० हजार. नोव्हेंबरमध्ये दिवाळीचे २६ हजार आणि दुसऱ्या सत्राची फी २८ हजार. मार्चमध्ये एलआयसीचा वार्षिक हप्ता ३० हजार. एकूण १ लाख ६८ हजार. बारानं भागले, तर महिन्याला १४ हजार.

आता समजा, या घरानं एप्रिलपासून सुरुवात केली. एप्रिलअखेर हातात १४ हजार. मेमध्ये आणखी १४ हजार आले, घरपट्टी गेली, उरले २० हजार. जूनमध्ये ३४ हजार झाले आणि खर्च आला ४२ हजारांचा. तिसऱ्याच महिन्यात ८ हजार कमी. ही तूट भरत भरत पुढे गेलं, तरी नोव्हेंबरमध्ये दिवाळी आणि फी एकत्र येतात आणि निधी शून्याच्या खाली २६ हजारांपर्यंत जातो. मार्चअखेर हिशेब चोख जुळतो, पण मधल्या तीन महिन्यांत खिशातून किंवा उसनवारीनं पैसे घालावे लागलेले असतात.

याच घरानं तेच १४ हजार डिसेंबरपासून टाकायला सुरुवात केली असती तर? फेब्रुवारीअखेर ४२ हजार. मार्चमध्ये हप्ता भरून २६ हजार. मेअखेर ४६ हजार, जूनची फी भरूनही १८ हजार शिल्लक. ऑगस्टअखेर २२ हजार, सप्टेंबरअखेर २६ हजार, ऑक्टोबरअखेर ४० हजार. नोव्हेंबरमध्ये ५४ हजार झाले, ५४ हजार गेले, उरलं शून्य. वर्षभरात एकदाही तूट नाही. खर्च तेच आहेत, मासिक रक्कमही तीच आहे. बदलला तो फक्त सुरुवातीचा महिना.

म्हणून कागदावर बारा ओळी आखा. प्रत्येक महिन्यापुढे जमा, खर्च आणि शिल्लक लिहा. शिल्लक शून्याखाली गेली तरी थांबू नका, उणे चिन्ह देऊन पुढे चला. सगळ्यात खोल उणे आकडा ज्या महिन्यात येतो, तो तुमच्या घराचा अवघड महिना. त्याच्या पुढच्या महिन्यापासून सुरुवात केली, तर पदरचं काही न घालता निधी चालतो. पण कुणाला तोवर थांबायचं नसेल, तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे तो उणे आकडा, इथे २६ हजार, सुरुवातीलाच निधीत टाकायचा. बोनस किंवा मुदत संपलेली ठेव त्यासाठी योग्य. दुसरी वाट म्हणजे अवघड महिन्यापर्यंत हप्ता वाढवायचा. जुलैमध्ये सुरुवात केली, तर नोव्हेंबरअखेरपर्यंतचे खर्च ८८ हजार आणि हातात महिने पाच. महिन्याला १७,६०० टाकावे लागतील. डिसेंबरपासून पुन्हा १४ हजारांवर यायचं.

सणांच्या बाबतीत आपल्याकडे एक पेच आहे, तो पगाराच्या कॅलेंडरला माहीत नसतो. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन त्याच दोन वर्षांत २१ ऑक्टोबर आणि ८ नोव्हेंबर असं सरकलं. त्यामुळे बारा ओळींचा तक्ता करताना सण त्याच्या लवकरात लवकरच्या महिन्यात लिहून एकदा तपासावा. वरच्या उदाहरणात गणपती ऑगस्टमध्ये आणि दिवाळी ऑक्टोबरमध्ये नेली, तरी डिसेंबरपासून चाललेला निधी कुठेही उणे होत नाही. तुमच्या तक्त्यात तो होत असेल, तर तेवढी रक्कम आधीच जादा ठेवा.

प्रत्येक खर्चासाठी वेगळं खातं काढावं की सगळ्यांचं एकच, हा प्रश्न नेहमी येतो. मी एकाच खात्याच्या बाजूनं आहे. वेगवेगळी खाती ठेवली, तर एलआयसीच्या खात्यात पैसे पडून असताना जूनच्या फीसाठी धावपळ होते. एकत्र ठेवल्यानं ऑगस्टसाठी साठलेला पैसा जूनला सांभाळून घेतो आणि मागाहून भरून निघतो. त्यामुळे एकूण कमी पैसे अडकतात. पण एकाच खात्याचा धोकाही मोठा आहे. दिवाळीत शिल्लक भरपूर दिसते आणि २६ हजारांची खरेदी ३५ हजारांवर जाते. तेव्हा कुणालाच काही जाणवत नाही. कमी पडतात ते मार्चच्या हप्त्याला किंवा पुढच्या जूनच्या फीला. म्हणून बारा ओळींचा तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवा आणि दर महिन्याच्या शेवटी खात्यातली खरी शिल्लक त्यातल्या आकड्याशी ताडून पाहा. आकडा कमी निघाला, तर गळती कुठल्या महिन्यात झाली ते तिथेच कळतं. सोसायटीला ठरावाशिवाय या पैशाला हात लावता येत नाही. घरातही नवराबायको दोघांनी मिळून ठरवल्याशिवाय तक्त्यात नसलेल्या गोष्टीवर तो खर्च होऊ नये.

फ्रिज बिघडणं, आजारपण, नोकरी जाणं हे या निधीतलं काम नाही. ज्याचा महिना माहीत नाही, त्यासाठी वेगळी गंगाजळी हवी. दोन्ही एकत्र केल्या, तर बिघडलेला फ्रिज विम्याचा हप्ता खाऊन टाकतो.

हा पैसा ठेवायचा कुठे? पगाराच्या खात्यापासून वेगळं, एटीएम कार्ड पाकिटात नसलेलं बँकेचं साधं बचत खातं पुरतं. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप तिथे वळेल अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. व्याजाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. वरच्या घराच्या निधीत सरासरी शिल्लक २८ हजारांच्या आसपास राहते. तिच्यावर अडीच टक्क्यांनी वर्षाला सातशे रुपये मिळतील आणि सहा टक्क्यांनी सतराशेच्या आतच. हजारभर रुपयांसाठी पैसा अडकवून ठेवणं परवडत नाही. पोस्टाची आवर्त ठेव तर पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही, म्हणून ती या कामाची नाही. पतसंस्थेत किंवा तिच्या पिग्मीत ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की बँकेतल्या ठेवींना असलेलं ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवींना नसतं. भिशीत आपला नंबर जूनमध्येच लागेल याची खात्री नसते आणि फीची तारीख मात्र पक्की असते. शेअर बाजाराचा इथे प्रश्नच येत नाही.

निधी व्यवस्थित चालला, तर व्याजापेक्षा मोठा फायदा वेगळाच असतो. एलआयसीच्या अनेक योजनांत हप्ता वर्षातून एकदा भरला, तर मूळ दरात दोन टक्के सूट मिळते, सहामाही भरला तर एक टक्का, आणि मासिक भरला तर काहीच नाही. निधी असला की वार्षिक हप्ता झेपतो. आरोग्य विम्यात तर तारीख पाळणं याहून महत्त्वाचं आहे. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत असते. त्या मुदतीत पैसे भरले, तर पॉलिसीचं सातत्य टिकतं. पण मधल्या दिवसांत उद्भवलेल्या आजारपणाला संरक्षण नसतं. ३० दिवसही उलटले, तर जुन्या आजारांसाठी पुरी केलेली प्रतीक्षेची वर्षं हातची जाऊ शकतात. म्हणून कधी शिल्लक कमी पडलीच, तर क्रम असा असावा: आधी विमा, मग फी, मग घरपट्टी. कात्री लागते ती दिवाळीच्या खरेदीला, कारण यांतली तेवढीच रक्कम आपण स्वतः ठरवतो.

तक्ता दर वर्षी नव्यानं करावा लागतो. फी वाढते, आणि वय वाढतं तसा आरोग्य विम्याचा हप्ताही वाढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, म्हणून काहींचा आकडा उतरलाही असेल. जुन्या पावतीवर विसंबू नका. विमा कंपनीची नूतनीकरणाची नोटीस आणि शाळेचं फीपत्रक आलं, की त्याच दिवशी कागदावरचा आकडा बदला आणि बँकेला दिलेली सूचनाही बदलून घ्या.