वेड्यावाकड्या विभागांचे सुडोकू

जिगसॉ सुडोकूत ३×३ चे चौकोन नसतात. त्यांच्या जागी नऊ-नऊ घरांचे वेडेवाकडे विभाग असतात. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या रांगेत आणि विभागात १ ते ९ हे अंक एकदाच, हा नियम मात्र तोच.

नेहमीच्या सुडोकूत एक ओळ चौकोनाची तीनच घरे बाद करते. इथे ती सहासुद्धा करते. समजा, एका विभागाची सहा घरे चौथ्या ओळीत आणि उरलेली तीन पाचव्या ओळीत, पहिल्या तीन रांगांत आहेत. चौथ्या ओळीत विभागाबाहेर ५ असेल, तर ती सहाही घरे बाद. पहिल्या व दुसऱ्या रांगेतही ५ असेल, तर तिसऱ्या रांगेतले घर ५ चेच. म्हणून ओळीत लांब पसरलेला विभाग आधी तपासावा.

खरी गंमत उरलेल्या घरांच्या युक्तीत आहे. एका विभागाने पहिल्या ओळीची डावीकडची आठ घरे व्यापली आहेत आणि नववे दुसऱ्या ओळीत उतरले आहे. ओळीत आणि विभागात अंक तेच नऊ, शिवाय आठ घरे सामाईक. त्यामुळे पहिल्या ओळीतल्या शेवटच्या घरात आणि खाली उतरलेल्या घरात एकच अंक येतो.

दोन ओळी आणि दोन विभाग घेतले तरी हेच चालते. बाहेर गेलेली आणि आत शिरलेली घरे सारखीच भरतात. संख्या जुळली नाही तर सीमारेषा पुन्हा पाहावी. मात्र वेगवेगळ्या विभागांतून बाहेर पडलेल्या घरांत एकच अंक दोनदा येऊ शकतो.