होडी कुणाची? आयरिश भाषेतली बदलती आद्याक्षरं

आयरिश भाषेत होडीला ‘बाद’ म्हणतात. त्याची होडी म्हणायची असेल तर ‘अ वाद’. तिची होडी असेल तर ‘अ बाद’. त्यांची होडी असेल तर ‘अ माद’. त्याची, तिची आणि त्यांची, या तिन्हींसाठी एकच छोटा शब्द आहे, ‘अ’. उच्चार तोच, लेखनही तेच. मग होडी नेमकी कुणाची हे ऐकणाऱ्याला कळतं कशावरून? होडीच्या पहिल्या अक्षरावरून. ‘ब’चा ‘व’ झाला तर त्याची, ‘ब’ तसाच राहिला तर तिची, ‘ब’चा ‘म’ झाला तर त्यांची.

मराठी माणसाला शब्द बदलण्याचं नवल नाही. घर, घरात, घराला हे आपण लहानपणापासून बोलतो. पण आपला शब्द बदलतो तो शेवटाकडून. त्याचं सामान्यरूप होतं, पुढे प्रत्यय लागतो, सुरुवात मात्र शाबूत राहते. आयरिशमध्ये शब्दाचं तोंडच बदलतं, आणि ते बदलायला लावतो आधी येणारा छोटासा शब्द. आयरिश शिकणारा पहिल्यांदा अडखळतो तो इथेच.

हे बदल दोन प्रकारचे आहेत. पहिल्याला आयरिश व्याकरणात ‘शेव्यू’ म्हणतात, दुसऱ्याला ‘उरू’.

शेव्यूमध्ये आद्य व्यंजन सैल पडतं. ओठ किंवा जीभ पूर्ण अडवायची ती अर्धवटच अडवते आणि हवा घासत बाहेर पडते. ‘ब’ आणि ‘म’ या दोघांचा ‘व’ होतो. ‘प’चा दातओठांतला ‘फ़’ होतो. ‘क’चा उर्दूतल्या खबरसारखा घशातला ‘ख़’ होतो, ‘ग’चा तसाच ‘ग़’. ‘त’ आणि ‘स’ यांचा नुसता ‘ह’ उरतो. ‘द’चा शेजारच्या स्वराप्रमाणे ‘ग़’ किंवा ‘य’ होतो. आणि ‘फ’ तर ऐकूच येत नाही.

उरूचा नियम आपल्या वर्णमालेच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगता येतो. वर्गातल्या पहिल्या अक्षराच्या जागी तिसरं येतं: ‘क’चा ‘ग’, ‘त’चा ‘द’, ‘प’चा ‘ब’. तिसऱ्याच्या जागी पाचवं, म्हणजे त्या वर्गाचं अनुनासिक येतं: ‘ग’चा ‘ङ’, ‘द’चा ‘न’, ‘ब’चा ‘म’. याखेरीज ‘फ’चा ‘व’ होतो, आणि शब्द स्वराने सुरू होत असेल तर त्याच्या आधी ‘न’ येऊन बसतो. ‘म’ आणि ‘स’ यांना उरू होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकाच ‘अ’चे तीन परिणाम का? कारण हा ‘अ’ मुळात एक शब्द नव्हताच. ते तीन वेगळे शब्द होते, आणि त्यांची सख्खी भावंडं संस्कृतात आजही पूर्ण रूपात दिसतात. त्याचा म्हणजे अस्य, तिचा म्हणजे अस्याः, त्यांचा म्हणजे एषाम्. आयरिशच्या पूर्वज भाषेतले शब्द याच घडणीचे होते. पहिल्याचा शेवट स्वराने, दुसऱ्याचा ‘स्’ने, तिसऱ्याचा अनुनासिकाने होत होता.

‘अस्य’सारख्या शब्दानंतर ‘बाद’ आला की त्याचा ‘ब’ दोन स्वरांच्या मध्ये सापडे. दोन स्वरांमधलं व्यंजन सैल पडायचं, ही त्या भाषेची त्या काळातली सवयच होती. शब्दाच्या पोटात ती जशी चाले, तशीच एका दमात बोलल्या जाणाऱ्या दोन शब्दांच्या सांध्यावरही चाले. म्हणून ‘ब’चा ‘व’ झाला. ‘अस्याः’सारख्या शब्दाचा शेवटचा ‘स्’ मध्ये आडवा आल्याने ‘ब’ वाचला. ‘एषाम्’सारख्या शब्दाचं अनुनासिक ‘ब’ला चिकटलं आणि दोघांचा मिळून ‘म’ झाला. थोडक्यात, हा संधीच होता.

पुढे, साधारण पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, आयरिश शब्दांचे शेवट झडले. त्याआधीच्या ओघम लिपीतल्या शिलालेखांवर हे शेवट अजून दिसतात. ‘मुलाचा’ या अर्थाचा ‘मकि’ हा शब्द दगडांवर शेवटच्या ‘इ’सकट कोरलेला आहे. शेवट गेल्यावर तिन्ही शब्द झिजून ‘अ’ एवढेच उरले, पण पुढच्या शब्दावर झालेला परिणाम गेला नाही. जो फरक आधी पहिल्या शब्दाच्या शेपटीत होता, तो दुसऱ्याच्या डोक्यात जाऊन बसला.

स्वराने सुरू होणारा शब्द घेतला तर हे आणखी स्वच्छ दिसतं. वडिलांना आयरिशमध्ये ‘आहिर’ म्हणतात. त्याचे वडील ‘अ आहिर’, तिचे वडील ‘अ हाहिर’, त्यांचे वडील ‘अ नाहिर’. तिच्या वडिलांपुढे आलेला ‘ह’ म्हणजे त्या झडलेल्या ‘स्’चा अवशेष. संस्कृतात त्याच जागी विसर्ग आहे आणि आपण तोही ‘ह’सारखाच उच्चारतो.

हा धागा एकोणिसाव्या शतकात उलगडला. केल्टिक भाषांचं संस्कृतशी नातं दाखवणारा आडॉल्फ पिक्ते यांचा फ्रेंच ग्रंथ 1837 साली आला, आणि 1838 मध्ये फ्रान्झ बॉप यांनी बर्लिनच्या अकादमीत या आद्य बदलांची उकल झडलेल्या शेवटांवरून मांडली. त्याआधी हे बदल म्हणजे केल्टिक भाषांचा विक्षिप्तपणा वाटत असे.

एवढी किल्ली हाती आली की कोणते शब्द काय करतात याची यादी बरीचशी आपोआप लागते. ‘माझा’ म्हणजे ‘मो’ आणि ‘तुझा’ म्हणजे ‘दो’ हे शेव्यू करतात: ‘मो वाद’, माझी होडी. ‘आमचा’ म्हणजे ‘आर’ उरू करतो: ‘आर माद’. ‘मध्ये’ या अर्थाचा ‘इ’ मूळचा ‘इन’ आहे, त्यामुळे तो उरू करणार हे उघड आहे.

इंग्रजीतल्या ‘द’सारखं उपपद आयरिशमध्ये ‘अन’ आहे. एकवचनी कर्त्यापुढे ते आलं तर स्त्रीलिंगी नामाला शेव्यू होतो, पुल्लिंगी नामाला होत नाही, कारण स्त्रीलिंगी उपपदाच्या शेवटी पूर्वी ‘आ’ हा स्वर होता. ‘बॅन’ म्हणजे बाई. ती विशिष्ट बाई म्हटली की ‘अन व्हॅन’. ‘फॅर’ म्हणजे पुरुष. तो मात्र ‘अन फॅर’च राहतो. या नियमाला एक मर्यादा आहे. ‘अन’मधल्या ‘न’साठी जीभ दातांमागे टेकलेली असते, आणि ‘द’, ‘त’ यांचीही जागा तीच. तिथे जीभ सैल पडत नाही, म्हणून ‘द्योख़’, म्हणजे पेय, हा शब्द स्त्रीलिंगी असूनही ‘अन द्योख़’ असाच राहतो.

षष्ठीच्या अनेकवचनात हेच उपपद ‘ना’ होतं आणि उरू करतं. 1914 साली डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या संघटनेचं नाव ‘कुमन ना मान’, म्हणजे स्त्रियांचा संघ. यातल्या ‘मान’मध्ये तीच ‘बॅन’ आहे. अनेकवचनी षष्ठीत तिचं रूप ‘बान’ झालं आणि उरूने त्याचं ‘मान’ केलं.

आकड्यांची गंमत वेगळी. एक ते सहा हे आकडे शेव्यू करतात आणि सात ते दहा उरू: तीन होड्या ‘त्री वाद’, सात होड्या ‘शाख़्त माद’. सात, नऊ आणि दहा यांच्या जुन्या रूपांच्या शेवटी अनुनासिक होतं. संस्कृतात ते लोपलं, पण लॅटिनच्या सेप्टेम, नोवेम, डेकेम यांमध्ये आजही ऐकू येतं. आठाच्या शेवटी मात्र अनुनासिक कधीच नव्हतं. सात आणि नऊ यांच्या मध्ये बसून तो त्यांच्यासारखा वागायला लागला. म्हणजे इतिहासाने सगळं सुटत नाही. काही ठिकाणी भाषेने शेजाऱ्याचं पाहून केलेलं आहे.

क्रियापदंही यातून सुटत नाहीत. ‘तिगिम’ म्हणजे मला समजतं. नकारार्थी ‘नी’ शेव्यू करतो: ‘नी हिगिम’, मला समजत नाही. प्रश्नार्थक ‘अन’ उरू करतो: ‘अन दिगन तू?’, तुला समजतं का? हा ‘अन’ आणि उपपदाचा ‘अन’ दिसायला एकच, पण करणी वेगळी. पुढे नाम आहे की क्रियापद हे पाहूनच ओळखायचं. भूतकाळात तर ‘हिग मे’, मला समजलं, असं शेव्यू झालेलं क्रियापद वाक्याच्या सुरुवातीलाच उभं दिसतं, आधी कुणीच नाही. तिथे पूर्वी ‘दो’ हा शब्द असे. दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतात तो अजूनही ऐकू येतो. इतरत्र तो गेला, त्याने केलेला बदल राहिला.

प्रांताप्रमाणेही फरक पडतो. ‘ग’ हा उच्चार असलेल्या ‘जवळ’ या अर्थाच्या शब्दाला उपपद जोडून ‘होडीजवळ’ म्हणायचं झालं, तर दक्षिणेत आणि पश्चिमेत उरू होऊन ‘माद’ ऐकू येईल, उत्तरेकडच्या अल्स्टरमध्ये शेव्यू होऊन ‘वाद’. दोन्ही आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत.

लिहिताना मूळ अक्षर कधी पुसलं जात नाही, ही वाचकाची मोठी सोय आहे. शेव्यू झाला की मूळ अक्षरानंतर ‘एच’ लिहितात. जुन्या गेलिक लिपीत त्याऐवजी अक्षराच्या डोक्यावर टिंब देत. विसाव्या शतकाच्या मध्यावर रोमन छपाई रूढ झाल्यावर ‘एच’ आला. उरू झाला की उच्चारायचं अक्षर आधी आणि मूळ अक्षर नंतर लिहितात. म्हणून ‘माद’ची सुरुवात ‘एम’ आणि ‘बी’ अशी होते. वाचायचा ‘म’, शब्दकोशात शोधायचा ‘ब’. विशेषनामात लहान ‘एम’ आधी आणि मोठा ‘बी’ नंतर असं विचित्र वाटणारं लेखन दिसतं, त्याचं कारण हेच.

एक पूर्ण वाक्य सोडवून पाहू: ‘ता अ वाद इ गोरकी’. ‘ता’ म्हणजे आहे. ‘अ’नंतर ‘वाद’ आला, लेखनात ‘बी’नंतर ‘एच’ आहे, म्हणजे शेव्यू. तेव्हा होडी त्याची. ‘इ’ म्हणजे मध्ये, तो उरू करतो. ‘गोरकी’च्या लेखनात ‘जी’नंतर मोठा ‘सी’ आहे, म्हणजे मूळ शब्द ‘कोरकी’, अर्थात कॉर्क शहर. त्याची होडी कॉर्कमध्ये आहे. याच वाक्यात ‘वाद’ऐवजी ‘माद’ ठेवला, बाकी एक अक्षरही हलवलं नाही, तरी होडीची मालकी एकाकडून अनेकांकडे जाते.

आयरिश शिकायला घेणाऱ्याने म्हणून बदललेल्या शब्दांच्या याद्या पाठ करू नयेत. ‘मो’, ‘आर’, ‘इ’, ‘नी’ असे छोटे शब्द संख्येने मोजकेच आहेत. त्यातला प्रत्येक शब्द त्याच्या परिणामासकट, पुढे एखादं नाम किंवा क्रियापद जोडूनच पाठ करावा: नुसता ‘मो’ नव्हे, ‘मो वाद’.