थेंबभर तूप नाही, मग रक्तात चरबी कुठून आली?

दिवाळी झाली की लॅबमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "मी तळलेलं फारसं खाल्लं नाही, रात्रभर उपाशी राहून रक्त दिलं, तरी ट्रायग्लिसराइड एवढं कसं?" आज एवढंच बघू, कारण उत्तर तुपात कमी आणि साखरेत जास्त आहे.

एक उदाहरण घेऊ. पंचेचाळिशीचे गृहस्थ, दुकानदार. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: ट्रायग्लिसराइड 412. उपाशीपोटी 150 च्या आत असावं, 200 च्या पुढे जास्त समजतात. रिपोर्टमध्ये एलडीएलचा आकडाच नव्हता. घाबरले. कारण साधं आहे. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, सूत्राने काढतात, आणि ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की ते नेहमीचं सूत्र चालत नाही.

आता त्यांचा एक दिवस मोजा. अर्धा किलो रव्याला 400 ग्रॅम साखर घेऊन तीस लाडू वळले, तर एका लाडवात साधारण 13 ग्रॅम साखर येते. दिवसभरात चार लाडू, म्हणजे 52. शिवाय तीन घरी फराळाला गेले, प्रत्येक घरी 200 मिलीचा कोलाचा ग्लास. एका ग्लासात 21 ग्रॅम, म्हणजे तिन्हींचे 63. एकूण 115 ग्रॅम, तेवीस चमचे! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 50 च्या आत राहा म्हणते, 25 च्या आत राहिलात तर उत्तम. आणि गंमत बघा, लाडू लक्षात राहतात, कारण ते मोजून खाल्ले जातात. कोला "नुसतं पाणीच तर प्यायलो" म्हणून हिशेबातून सुटतो.

ही साखर जाते कुठे? साखरेचा निम्मा भाग ग्लुकोज, निम्मा फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा मोठा भार मात्र लिव्हरवर पडतो. लिव्हरकडे साखर साठवायचं कपाट आहे, पण ते लहान, जेमतेम 100 ग्रॅमचं. सणात ते कधी रिकामंच होत नाही. मग लिव्हर जादा साखरेची चरबी करतं, आणि ती छोट्या पुड्यांत बांधून रक्तात सोडतं. तीच तुमच्या रिपोर्टात दिसते. पेयातली साखर चावावी लागत नाही, पोटात थांबत नाही, एकदम येते. म्हणून ती जास्त त्रासाची. वर संध्याकाळी दोन पेग झाले, तर दारूही लिव्हरला हेच काम लावते.

उपाशी राहून आकडा का उतरला नाही, तेही इथेच कळतं. रात्रभरात जेवणातली चरबी रक्तातून निघून जाते. लिव्हरने बनवलेली येतच राहते.

या गृहस्थांनी कोला आणि दारू बंद ठेवली, गोड जेवणापुरतं ठेवलं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तर आकडा 200 च्या खाली येऊ शकतो. कोलेस्टेरॉलपेक्षा हा आकडा खाण्यापिण्याला लवकर प्रतिसाद देतो. तरीही चढाच राहिला, तर दोष दिवाळीला देऊ नका. मधुमेह, थायरॉइड, चालू औषधं, घराण्यातला कल, हे बघावं लागतं.

मग सण करायचा कसा? माझं मत स्पष्ट आहे: लाडू ठेवा, कोला सोडा. लाडू वर्षातून एकदा आईच्या हातचा मिळतो, कोला रोज टपरीवर असतो. पाहुण्यांना ताक द्या, सोलकढी द्या, साधं पाणी द्या. पॅकबंद फळांचा रसही यात साखरच धरा. गोड खायचं ते जेवणातच, आणि त्या वेळी भात किंवा पुरी एक वाढप कमी. प्रत्येक घरी खाण्यापेक्षा "डब्यात द्या काकू, उद्या खातो" म्हणायला लाज कसली? आदल्या संध्याकाळी पाऊण तास भरभर चाललात, तर दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतरची चरबी स्नायू अधिक लवकर उचलतात. जेवल्यावर लोळण्यापेक्षा जरा फिरणंही चांगलंच.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: "गुळाचे लाडू केले तर?" ताई, चव छानच. पण गुळातही बहुतांश तीच साखर. लिव्हरला रंग दिसत नाही.

आणि ज्यांचा आकडा 500 च्या वर आहे, त्यांना हे "थोडं चालतं" लागू नाही. आकडा हजाराकडे गेला की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका बराच वाढतो. वरच्या पोटात जोराची, पाठीत जाणारी कळ आणि उलट्या सुरू झाल्या, तर "फराळाची ॲसिडिटी" म्हणून सोडा पीत बसू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा, आणि जुना रिपोर्ट बरोबर न्या.